नऊवारी ऑनलाईन घेताय? लांबी, पन्हा, कापड अन् शिवलेली की न शिवलेली, हे आधी असं तपासा

आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेच्या उन्हात, पेरणीच्या आधी उरकायची असतात, अन् आता मुलींना हळदीला नाहीतर देवकार्याला नऊवारीच पाहिजे असते, त्यामुळे मार्च लागला की गावातल्या बायका मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात, "पाहा नं ताई, ही चांगली दिसते का?" मी शिवणकाम करते, नऊवारी शिवूनही देते अन् नेसवूनही देते. फोटोत सगळ्याच चांगल्या दिसतात, तेव्हा मी फोटो बाजूला ठेवते अन् खाली जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचते. तिथे काय वाचायचं अन् दुकानदाराला काय विचारायचं ते इथे सांगते. पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या घरी आजी अजून लुगडं नेसते त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी लांबी

एक वार म्हणजे 36 इंच, तर नऊ वार म्हणजे 324 इंच, म्हणजे साधारण 8.2 मीटर. जुन्या बायका अठरा हात म्हणतात, हिशोब तोच. लिस्टिंगमध्ये 8 ते 8.3 मीटर लिहिलेलं असलं अन् ब्लाउज वेगळा असला तर ती खरी नऊवारी.

गोंधळ तीन ठिकाणी होतो. एक म्हणजे "नऊवारी साडी, लांबी 6.3 मीटर". ही सरळ सरळ सहावारी आहे, 5.5 मीटर साडी अन् 0.8 मीटर ब्लाउज, फक्त फोटोतल्या मॉडेलला काष्टा घालून उभी केलेली. "नऊवारी स्टाईल", "नऊवारी लूक", "काष्टा पॅटर्न" असे शब्द दिसले की आकडा शोधायचाच. दुसरं म्हणजे "9 वार विथ ब्लाउज". यात ब्लाउज त्या नऊ वारातच आहे का त्याच्यावर वेगळा आहे हे कोणी लिहीत नाही, अन् सगळा खेळ तिथेच आहे. तिसरं म्हणजे काही जण वार अन् मीटर एकच समजून "9 मीटर" लिहितात, येताना मात्र 8.2 येते. त्यात तुमचं काही बिघडत नाही, पण जास्त कापड येणार म्हणून जास्त पैसे देऊ नका.

आता ब्लाउज आतूनच कापल्यामुळे 80 सेंटिमीटर कमी झाल्यानं काय एवढा फरक पडतो, असं वाटेल. आमच्या नणंदेचंच माप घेऊन सांगते. उंची 5 फूट 2 इंच, कंबर 34, सीट 42, म्हणजे अंगावर मध्यम. साडी नेसवताना कापड कुठे कुठे जातं ते टेपनं मोजलं तर साधारण असं निघते: पुढची गाठ अन् काष्ट्याचं टोक मिळून 1.4 मीटर, कमरेभोवतीचा पहिला फेरा 1.1 मीटर, अन् पदर, म्हणजे पुढून डावीकडे, पाठीमागून उजव्या काखेखालून छातीवरून डाव्या खांद्यावर अन् तिथून पाठीवर गुडघ्यापर्यंत, 2.6 मीटर. झाले 5.1 मीटर. 8.2 मधून उरले 3.1 मीटर, अन् हे सगळं निऱ्यांना. एका निरीला 25 सेंटिमीटर धरा, 12 निऱ्या झाल्या, भरगच्च ओचा पडतो.

ब्लाउज आतूनच कापायचा असला तर निऱ्यांना 2.3 मीटर उरते, म्हणजे 9 निऱ्या. चालते, पण ओचा पातळ पडतो. अन् 6.3 वाल्या साडीतून ब्लाउज कापला तर निऱ्यांना 40 सेंटिमीटर, म्हणजे दीड निरी! पदर आखूड करून ओढूनताणून काष्टा काढतात लोक, पण मग पदर कमरेपाशीच संपतो अन् जेवायला वाढायला वाकलं की खांद्यावरून सुटतो.

सीट 46-48 असली तर फेरा अन् पदर दोन्हीकडे जास्त कापड जाते, तेव्हा अशांनी पूर्ण 8.2 अन् ब्लाउज वेगळा हेच घ्यावं. बारीक अंगाच्या पोरीला 7.5 मध्येही मस्त बसते. दुकानदाराला मेसेज करताना "नऊवारी आहे का?" असं विचारूच नका, हो म्हणतो तो. विचारायचं ते असं: "ब्लाउज सोडून साडी किती मीटर आहे?"

पन्हा, जो कोणी पाहतच नाही

साडीची रुंदी म्हणजे पन्हा. लिस्टिंगमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतो, बऱ्याचदा नसतोच. 45 ते 47 इंच असला तर चांगला. सहावारीत पन्हा एखादा इंच कमी-जास्त असला तर परकर झाकून घेतो, नऊवारीत झाकणारं काहीच नाही. इथे कापड पुढे कमरेला खोचलेलं असते अन् त्याचाच खालचा काठ दोन पायांमधून मागे कमरेपर्यंत चढतो. म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत जेवढं अंतर आहे, त्याला आम्ही शिवणात आसन म्हणतो, ते पन्ह्यातून वजा होते अन् उरलेला झोल पायावर खाली लोंबतो. नणंदेचं आसन 29 इंच भरलं. 46 पन्ह्यातून 17 इंचांचा झोल राहिला, काठ घोट्याच्या जरा वर बसला. तेच 42 इंची पन्ह्यात 13 राहिले असते अन् काठ पोटरीवर गेला असता. शेतात निंदायला जाणारी आजी मुद्दाम तसा वर खोचते, तिला चिखल-काट्यात काम करायचं असते, पण लग्नात पोटऱ्या उघड्या पडल्या की मुलगी दिवसभर साडी खाली ओढत बसते.

म्हणून उंची 5 फूट 4 इंचाच्या वर असेल किंवा अंग भरलेलं असेल तर 46 च्या खालचा पन्हा घेऊ नका, लांबी कितीही असो. लांबीनं निऱ्या वाढतात, काठ खाली येत नाही.

कापड

इथे शब्दांचा बाजार आहे. "सॉफ्ट सिल्क", "सेमी सिल्क", "आर्ट सिल्क", "सेमी पैठणी" हे सगळे शब्द बहुतेक वेळा पॉलिस्टरचे किंवा व्हिस्कोसचे. वाईट नाहीत, स्वस्त आहेत, घरी धुता येतात, रंग टिकतो, फक्त रेशमाच्या भावानं घेऊ नका. अन् नेसायला अवघड, ते का ते खाली सांगते. खऱ्या रेशमावर सिल्क मार्कचं लेबल असू शकते. नसलं तर घरी आल्यावर आतल्या टोकाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो अन् राख बोटानं चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. सूत कागदासारखं जळते. आडवे अन् उभे दोन्ही धागे काढा, कारण उभा एक अन् आडवा दुसरा असं मिसळलेलं कापड भरपूर येते.

पैठणी म्हणून विकत असतील तर पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, मशीनच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. फोटो द्यायला टाळाटाळ केली की समजून जायचं.

आता आपल्या भागाचं बोलू. मे महिन्यात दुपारी पारा 44-45 पर्यंत जातो, मंडपात कूलर असला तरी त्याची हवा नवरदेवाकडच्यांना, अन् नऊवारीत कापडाचे दोन-तीन पदर अंगावर असतात, आत लेगिंग वेगळी. पॉलिस्टरमध्ये अर्ध्या तासात घामाघूम. मला विचाराल तर दिवसाच्या लग्नाला सुती किंवा कॉटन-सिल्क, अन् खर्च करायची तयारी असेल तर टसर. टसरसाठी दूर जायची गरज नाही, भंडारा-नागपूरकडची करवती किनारीची साडी आपल्याच विदर्भाची आहे, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, काठाचा रंग वेगळा विणून अंगाच्या कापडात गुंतवलेला असतो, त्याला जीआय मानांकनही मिळालेलं आहे. पण त्या सहसा सहावारीत तयार मिळतात. नऊवारी पाहिजे तर विणकराला किंवा दुकानाला आधी सांगावं लागते अन् वेळ हातात ठेवावा लागतो. घाईच्या लग्नाला तो नाद नको.

सुती घेत असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. पहिल्या धुण्यात सूत आटते. शंभराला चार धरले तरी 8.2 मीटरमधून 30-33 सेंटिमीटर गेले, म्हणजे एक निरी, अन् 46 चा पन्हा 44 वर आला. आधीच पन्हा 44 असलेली सुती नऊवारी म्हणूनच घेऊ नये. अन् नवीन सुती साडी कडक, भारी वाटते ती बऱ्याचदा खळीमुळे. एका कोपऱ्याला ओला पांढरा फडका घासून पाहा, फडक्यावर रंग आला तर पहिले काही धुणे वेगळे.

शिवलेली घ्यावी का?

ज्यांना एकदाच लग्नात, नाहीतर पोरीच्या शाळेच्या नाचाला घालायची आहे त्यांना शिवलेली सोयीची, वाद नाही. पाच मिनिटांत घालून होते. वरून साडीसारखी दिसते, आतून ती सलवारीसारखी असते, पुढे निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या, मागे काष्टा शिवलेला, बाजूला हूक किंवा चेन, नाहीतर कमरेला इलॅस्टिक अन् नाडी. पदर कधी जोडलेला, कधी सुटा. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी, लावणी अशी नावं असतात, त्यावरून निऱ्या किती, पायाचा घेर कसा, काष्टा रुंद का अरुंद हे बदलते, पण प्रत्येक शिंपी त्या नावाचं आपापल्या मनानं शिवतो. तेव्हा नावापेक्षा समोरून, मागून अन् बसलेली, असे तीन फोटो मागा.

"फ्री साईज, कंबर 28 ते 40" हे वाचून लोक निश्चिंत होतात. इलॅस्टिक कमरेला ताणते हो, सीटला अन् आसनाला ताणत नाही! शिवलेली नऊवारी फाटते ती कमरेत नाही, आसनाच्या शिवणीत फाटते, पूजेला पाटावर मांडी घालून बसताना, अगदी सगळ्यांसमोर. म्हणून ऑर्डर देताना कंबर, सीट, आसन अन् कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची, ही चारही मापं द्या. कंबर म्हणजे जिथे साडी नेसता तिथली, जीन्सची नाही. सीटमध्ये मापापेक्षा 5-6 इंच मोकळं ठेवायला सांगा. आसन मोजताना टेप पुढच्या कमरेच्या मध्यावरून पायांमधून मागच्या कमरेच्या मध्यापर्यंत न्यायचा अन् जरा ढिला ठेवायचा, मी स्वतः त्यात 3 इंच वाढवते. नणंदेच्या 29 ला 32 दिलं होतं, ती पंगतीत खाली बसून जेवली अन् वरून नाचलीही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, कापड कापून शिवलं आहे का न कापता? न कापता फक्त टाके घालून शिवली असेल तर उद्या उसवून परत साडी होते. कापलेली असेल तर ती कायमची तशीच, बहिणीला द्यायची तर तिचं अंग तुमच्याएवढंच पाहिजे. भारी रेशमाची साडी मी गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी कापत नाही. दुसरी, शिवणीत आत दाब किती ठेवला आहे? दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच असला तर गावातली कोणतीही शिंपीण ढिली करून देईल, अर्धा इंच असला तर काहीच करता येत नाही.

अन् बाथरूमचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते, शिवलेली पूर्ण उतरवावी लागते. सकाळी आठ ते रात्री दहापर्यंत लग्नात राहणार असाल, मंडप शाळेच्या मैदानावर असला, तर हूक-चेनवाली घ्या. घट्ट नाडीची गाठ घामानं सुटत नाही.

नेसायची असेल तर

पद्धती गावागणिक, जातीगणिक वेगळ्या आहेत, मी नवीन मुलींना सोपी पडते तीच सांगते. परकर घालायचा नाही. घट्ट इलॅस्टिकची सायकलिंग शॉर्ट किंवा साडीच्या रंगाची लेगिंग घाला, म्हणजे खोचायला आधार मिळतो अन् पोरगी निर्धास्त वावरते.

साडी पाठीमागून घ्या, पदराची बाजू उजव्या हातात अन् साधं टोक डाव्या हातात. दोन्ही पुढे आणा. साध्या टोकाकडून साधारण सव्वा मीटर सोडून बेंबीपाशी दोन्ही बाजूंचे वरचे काठ धरून गाठ मारा. ही गाठ सगळ्यात महत्त्वाची, पक्की म्हणजे श्वास घेता येईल पण बोट घालायला जोर लागेल एवढी. सुती साडीची गाठ जागेवर राहते. पॉलिस्टर अन् सॉफ्ट सिल्कची हळूहळू सरकते, म्हणून अशा साडीला गाठीवरून कमरेला सुती नाडा बांधून घ्या, वरून दिसत नाही. नऊवारी "सुटली" म्हणतात ती दहात नऊ वेळा इथूनच सुटते.

मग आधी पदर. लांब बाजू डावीकडून पाठीमागे नेऊन उजव्या काखेखालून पुढे आणा, चुण्या घालून डाव्या खांद्यावर पिन लावा, पदर मागे गुडघ्याला टेकला पाहिजे. आता पुढे जे कापड फुग्यासारखं उरलं आहे त्याच्या निऱ्या घाला, खालचे काठ एका रेषेत धरून, अन् बेंबीपाशी खोचा. निऱ्या नीट झाल्या का ते वरून नाही, खालून ओळखायचं, सगळे काठ एकावर एक बसले पाहिजेत.

शेवटी काष्टा. पाय जरा फाकवून उभं राहा. गाठीखाली लोंबणारं ते साधं टोक निऱ्यांच्या मागून धरा, त्याचा खालचा काठ पायांमधून मागे घ्या अन् मागून कोणाला तरी धरायला सांगा, एकटीनं पहिल्यांदा होत नाही. मागे आल्यावर काठ बाहेर दिसेल अशा तीन-चार अरुंद चुण्या घालून बरोबर मणक्यावर घट्ट खोचा. मागचं कापड गोळा झालेलं असते, ते दोन्ही पायांवर सारखं वाटून घ्या. काष्टा एका बाजूला सरकला की त्या बाजूचा काठ वर अन् दुसऱ्या बाजूचा खाली दिसतो, तेव्हा आरशात घोट्यांकडे पाहा.

लगेच दागिने चढवू नका. आधी दहा पावलं चाला, खाली मांडी घालून बसा, उठा, वाका. बसताना मागे ओढ आली तर काष्टा जास्त ओढला आहे, तो काढून इंचभर सैल करा. गाठ खाली आली तर परत पहिल्यापासून, वरवर पिना मारून उपयोग नाही. घरी आजी असेल तर हे सगळं तिच्यासमोर करा, आमच्या गावची एक म्हातारी पोरींना पाहून म्हणते, "काहून वं, एवढ्या पिना कायले? गाठ बांध नं बराबर!" अन् तिचं बरोबरच असते.

पार्सल आल्यावर

खेड्यात कुरिअर घरापर्यंत येत नाही बऱ्याचदा, तालुक्यावरून आणावं लागते नाहीतर पोस्टानं येते, अन् परत पाठवायचं म्हटलं तरी तेवढीच खटपट, त्यामुळे लग्नाच्या निदान तीन आठवडे आधी मागवा. पाकीट उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यातच टेप लावून पन्हा दाखवा. लांबी मोजायला ओसरीत साडी न ताणता एक-एक मीटरच्या घड्या घाला, आठ घड्या होऊन वर वीतभर उरलं पाहिजे, अन् ब्लाउज पीस जोडलेला असेल तर तो कुठून सुरू होतो तिथे दोरा बांधून ठेवा. मापानं शिवून घेतलेली साडी बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, तेव्हा तिथे पैसे द्यायच्या आधीच विचारा की माप चुकलं तर दुरुस्ती कोण करून देणार अन् जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा.

सुती असेल तर आटवायला पाण्यात टाकायची घाई करू नका. आधी मोजा, उजेडात धरून पूर्ण साडी पाहा, कुठे विणीत भोक, डाग, काठाचा रंग उतरलेला असं काही आहे का, अन् परतीची मुदत असेपर्यंत लेबल काढू नका. एकदा पाणी लागलं की कोणीही परत घेत नाही. सगळं ठीक वाटलं की मग रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, अन् ब्लाउज त्यानंतरच कापायला द्या.